तीन दिवसांत लेखी खुलासा मागितलाय, आणि मुद्दा फक्त ७ गुणांचा आहे

बीजगणित

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलचक झाला तर सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावी खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. नववी ब माझ्याकडे आहे आणि दहावीच्या दोन तुकड्यांचं गणितही.

दिवाळीनंतर प्रथम सत्राचा निकाल दिला. माझ्या वर्गातल्या एका मुलाला गणितात लेखी ८० पैकी ३८ आणि अंतर्गत २० पैकी ११ पडले. अंतर्गतची फोड अशी: गृहपाठाचे १० पैकी ४, बहुपर्यायी चाचणीचे १० पैकी ७. पाचपैकी दोनच गृहपाठ त्याने दिले होते. संध्याकाळी वडिलांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रगतिपुस्तकाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सगळ्यांना १८, १९. माझ्याच पोराला ११ का?" रात्री साडेअकरापर्यंत त्यावर चर्चा चालली होती. मी एक अक्षर लिहिलं नाही, फक्त वाचत बसले.

चार दिवसांनी लेखी तक्रार आली. मुख्याध्यापकांच्या नावाने, प्रत संस्थेच्या अध्यक्षांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. "वैयक्तिक आकसापोटी गुण कमी दिले", "वर्गात सर्वांसमोर अपमान करून मानसिक छळ करतात". दुसऱ्या दिवशी शिपाईमामा चालू तासाला वर्गात ज्ञापन घेऊन आले. तीन दिवसांत लेखी खुलासा. सही करताना पुढच्या बाकावरची मुलं बघत होती.

याच आठवड्यात यूडायस या सरकारी पोर्टलवर सात मुलांची आधारची नावं शाळेच्या नोंदीशी जुळत नाहीत म्हणून लॉगिन लाल दाखवतंय, मतदार यादीचं घरोघरचं काम आहे, आणि दहावीच्या सराव परीक्षेवरून 'धोक्यातली मुलं' अशी यादी शनिवारपर्यंत हवी आहे, प्रत्येकासमोर 'केलेली उपाययोजना' लिहून.

रात्री तीनला जाग येते. मग खुलाशातली वाक्यं डोक्यात जुळवत पडून राहते. रविवारी दुपारी चारनंतर छातीत धडधडायला लागतं. घरचे म्हणतात एवढं काय मनाला लावून घेतेस. खुलासा कसा लिहितात ते कुणी सांगेल का? एकोणीस वर्षांत कधी लिहायची वेळ आली नाही.

रानपाखरू

ताई, पहिली गोष्ट, मतदार यादीचं काम सरळ नाकारा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. शिक्षकाला अशैक्षणिक काम देताच येत नाही. आपण नाही म्हणत नाही म्हणून हे सगळं डोक्यावर बसलंय. आणि 'मानसिक छळ' हे कलम १७, ते चौदा वर्षांपर्यंतच. नववीचा मुलगा त्यात बसत नाही. खुलाशात तेवढं एक वाक्य लिहा, विषय संपला.

खडूफळा

रानपाखरू, अर्धं बरोबर आहे तुमचं, आणि अर्ध्यावरच माणूस अडकतो. कलम २७ मध्येच तीन अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार यादीचं काम निवडणुकीतच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एवढं म्हटलंय की शिक्षकांना ही कामं सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावीत. म्हणजे "करणार नाही" असं लिहिलं तर ताई अडचणीत येतील. "शालेय वेळेत माझे तास आहेत, काम शालेय वेळेनंतर करण्याची अनुमती मिळावी" असं वेळापत्रक जोडून लिहिलं तर निदान कागद आपल्या बाजूने राहतो.

कलम १७ चं वाक्य तर अजिबात लिहू नका, ताई. अठरा वर्षांखालच्या मुलाला त्रास दिला तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहेच. शिवाय "हा कायदा मला लागू नाही" असं लिहिणाऱ्या शिक्षकाने छळ केलाच असणार, असं वाचणारा धरून चालतो.

आता खुलासा. मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खुलासे पाहिलेत.

एक. ज्ञापनासोबत तक्रारीची प्रत दिलीय का? नसेल तर आजच लेखी मागा, आणि प्रत मिळाल्यापासून तीन दिवस द्यावेत असंही त्यात लिहा. न वाचलेल्या तक्रारीचा खुलासा लिहायचा नसतो. लोक ऐकीव गोष्टींना उत्तर देतात आणि तक्रारीत नसलेलंच कबूल करून बसतात.

दोन. मुद्द्याला मुद्दा. तक्रारीतल्या प्रत्येक आरोपाला क्रमांक द्या आणि त्याच क्रमाने उत्तर द्या. "गुण कमी दिले" याचं उत्तर म्हणजे फोड: कोणत्या तारखेला कोणता गृहपाठ दिला, कोणते दोन आले, कोणते तीन आले नाहीत. चाचणीची उत्तरपत्रिका जोडा. "मी निष्ठेने एकोणीस वर्षं सेवा केली" हे कृपा करून लिहू नका. वाचणारा तिथे पान उलटतो.

तीन. "अपमान केला" याला नुसतं "हे असत्य आहे" पुरत नाही. तक्रारीत तारीख आहे का? नसेल तर "दिनांक व प्रसंग नमूद नसल्याने नेमका खुलासा करता येत नाही, तो नमूद झाल्यास करीन" एवढंच लिहा.

चार. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका.

आणि एक लक्षात घ्या, हे नुसतं ज्ञापन आहे. कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी तर मुळीच नाही. खाजगी शाळेत मोठी शिक्षा करायची तर १९८१ च्या नियमावलीप्रमाणे तीन जणांची चौकशी समिती लागते: एक संस्थेचा, एक तुम्ही सुचवलेला कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. तेवढा लांबचा रस्ता सात गुणांसाठी कुणी चालत नाही. रात्री तीनला जाग आली की हे आठवा.

बदलीगुरू

विशेष संवर्ग भाग १ मध्ये बसत असाल तर ऑनलाइन बदलीचा अर्ज भरून मोकळ्या व्हा. रक्तदाब, मधुमेह चालत नाही, आजारांची यादी ठरलेली आहे. भाग २ म्हणजे पतिपत्नी एकत्रीकरण. शाळा बदलली की अर्धे प्रश्न सुटतात.

बीजगणित

बदलीगुरू, मी जिल्हा परिषदेत नाही हो. खाजगी अनुदानित. आमची बदली झालीच तर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, आणि संस्थेची ही एकच शाळा आहे :)

खडूफळा सर, फार आधार वाटला. तक्रारीची प्रत खरंच दिली नव्हती. मुख्याध्यापकांनी वाचून दाखवली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. उद्या मागते.

दोनशिक्षकी

आमच्याकडे पालक तक्रार करत नाहीत, ते ऊसतोडीला गेलेले असतात. पण नाव न जुळण्याचं सांगतो, त्या लाल लॉगिनने माझी झोप उडवली होती.

आमच्या पटावर एक पोरगी आहे. जनरल रजिस्टरला आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं सरळ. आधारला नावातला एक इंग्रजी 'ए' जास्त आणि जन्मतारीख एक जानेवारी. शाळेचं रजिस्टर मला बदलता येत नाही, त्याला वरची मंजुरी लागते. म्हणून आधारच बदलायचं. त्यासाठी जन्माचा दाखला हवा. पोरगी जन्मली फडावर, नोंद नाही. आईबाप सहा महिने साखर कारखान्यावर. मी आजीला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या आधार केंद्रावर नेलं. तिथे नेटवर्क नाही. दुसऱ्या खेपेला आजीचाच अंगठा उमटेना. तिसऱ्या खेपेला काम झालं. तीन दिवसांत शाळेत दुसरे गुरुजी एकटे, चार वर्ग, आणि खिचडीच्या तांदळाचं मोजमापही त्यांच्याच गळ्यात.

आणि हे नुसतं हौसेचं काम नाही. संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार वैध असलेलीच मुलं धरली तर तीन पोरांची नावं जुळली नाहीत म्हणून एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. म्हणजे पोरीच्या नावातल्या त्या 'ए' वर माझी नोकरी. न जुळलेल्या नावांचा तो आकडा गेला की खरंच हलकं वाटतं, पण त्या तीन दिवसांत मी काय शिकवलं असं विचारलंत तर काही नाही.

आईसाहेब

मी शिक्षिका नाही, नववीच्याच मुलाची आई आहे. रागावू नका, पण एक विचारू? बाकीच्यांना १८ खरंच कशाचे दिले?

आम्हा पालकांना वर्गात काय चालतं ते दिसत नाही. वर्षातून दोनदा मीटिंग. तिथे एकेका पालकाला तीन मिनिटं, मागे रांग. हातात येतो तो आकडा. तो एकाच मुलाचा वेगळा दिसला तर कुणालाही वाटेल काहीतरी आहे. ग्रुपवर फोटो टाकणं चूकच, पण त्या गृहस्थांना तीन गृहपाठ आले नाहीत हे निकालाआधी कुणी कळवलं होतं का?

रानपाखरू

आल्या पालक! मुलाची वही उघडून बघितली असती तर कळलं असतं ना. मोबाइल द्यायला वेळ आहे, वही बघायला नाही.

आईसाहेब

बघते मी वही. माझ्या मुलाच्या वहीत तीन महिने फक्त लाल बरोबरची खूण आहे, चुकलेल्या गणितांवरसुद्धा. आता बोला.

खडूफळा

दोघांनीही थोडं थांबा. आईसाहेबांचा प्रश्न चोख आहे, आणि खुलाशातही तोच येणार. ताई, उत्तर काय आहे?

बीजगणित

उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण प्रश्न बोचला.

खरं सांगते. बाकीच्यांना १८ दिले कारण सगळीकडे देतात. दहावीला उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ लागतात, लेखी आणि अंतर्गत मिळून. अंतर्गत २० पैकी २० मिळाले तर लेखीत १५ पुरतात. हे गणित प्रत्येक मुख्याध्यापकाला तोंडपाठ असतं. म्हणून नववीपासूनच हात सैल सोडायचा, असं न बोलता ठरलेलं आहे. ज्यांनी पाचही गृहपाठ दिले त्यांना ९, १०. त्यातले निम्मे एकमेकांचे उतरवलेले असतात. मला अक्षरावरून आणि सारख्या चुकांवरून कळतं. एका ठिकाणी वजाचं चिन्ह राहिलं, ते सलग बारा वह्यांत राहिलेलं होतं. तरी दिले. या मुलाने उतरवूनही दिले नाहीत, म्हणून ४. म्हणजे प्रामाणिक गुण वर्गात बहुधा त्या एकालाच मिळाले.

आणि हो, पालकांना आधी कळवलं नव्हतं. वहीत शेरा लिहिला होता, 'गृहपाठ अपूर्ण, पालकांची सही आणावी'. सही आली नाही. मीही पाठपुरावा केला नाही. त्या आठवड्यात पायाभूत चाचणीचे गुण ऑनलाइन भरायचे होते, मराठी, गणित, इंग्रजी, एकेका मुलाचे.

टिंबटिंब

कोचिंग क्लास चालवतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. निकालाच्या दबावाबद्दल बोलताय तर १७ नंबरचंही बोला. शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सवाल्या कितीतरी शाळांचं गणित नववीतच ठरतं. ६० मुलांत एक नापास झाला की ९८.३३, आणि फ्लेक्स छापता येत नाही. मग दर वर्षी मे महिन्यात चारपाच पालक माझ्याकडे येतात, "शाळेने दाखला घ्या म्हटलंय, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." त्या पोरांना शिकवायचं कुणी? क्लासने. आणि शाळेच्या निकालात ती नाहीत.

बीजगणित

ती 'धोक्यातली मुलं' यादी आहे ना, ती याचसाठी असते अशी मला शंका आहे. उपाययोजनेच्या रकान्यात मी 'जादा तास' लिहिते. मुख्याध्यापक वाचत नाहीत, फक्त नावं मोजतात.

गोळीबंद

लहान गावात दवाखाना चालवतो. मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधा डॉक्टर आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

खुलाशाच्या गडबडीत धाग्याचा दुसरा भाग मागे पडला. ताई, रात्री तीनची जाग आणि रविवारची धडधड किती आठवड्यांपासून आहे? माझ्याकडे शिक्षक येतात ते 'अ‍ॅसिडिटी' सांगत. रक्तदाब थोडा वर, घसा बसलेला, डबा तसाच परत. मी एकच विचारतो: दिवाळीच्या सुट्टीत झोप लागली का? सुट्टी लागून तीनचार दिवसांत झोप सुधारत असेल तर कामाचा ताण कमी करण्यावर बोलता येतं. सुट्टीतही तीनलाच जाग येत असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, रडू येत असेल, तर गोष्ट शाळेच्या पुढे गेलेली असते आणि डॉक्टरला दाखवावं लागतं. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. धडधड आहे म्हणताय तर एकदा ईसीजी आणि थायरॉइडही करून घ्या. चाळिशीतल्या बाईची प्रत्येक धडधड ताणाच्या खात्यावर टाकायची नसते.

आणि तो ग्रुप रात्री आठनंतर म्यूट करा.

बीजगणित

दिवाळीत पहिले पाच दिवस नाही, नंतर लागली. निकालपत्रकं भरायला बसले तशी परत गेली. थायरॉइडचं लक्षात आलं नव्हतं, शनिवारी करते.

दोनशिक्षकी

डॉक्टर, आमच्याकडे सुट्टीत पण अ‍ॅप चालू असतं. ते म्यूट कसं करायचं?

बीजगणित

दहा दिवसांनी येतेय. काय झालं ते सांगते.

तक्रारीची प्रत लेखी मागितल्यावर मुख्याध्यापक जरा चमकले, पण दिली. खुलासा दीड पानाचा झाला. खडूफळा सरांच्या सांगण्यावरून 'निष्ठेने' कापलं. गृहपाठाच्या पाच तारखा, तपासणी नोंदवहीची झेरॉक्स, चाचणीची उत्तरपत्रिका जोडली. शेवटी स्वतःहून एक वाक्य घातलं: "तीन गृहपाठ अप्राप्त असल्याचे पालकांना निकालापूर्वी दूरध्वनीने कळवले नव्हते, यापुढे दुसरा गृहपाठ चुकताच कळवीन." सर, हे वाक्य घालू की नको यावर रात्रभर विचार केला.

मग वडील आले. ग्रुपवरचा माणूस आणि समोर बसलेला माणूस एकच वाटेना. रंगकाम करतात, हाताला डिस्टेंपर तसाच होता. मुलगा सप्टेंबरपासून संध्याकाळी त्यांच्यासोबत कामावर जातो, म्हणून गृहपाठ नाही. 'अपमान' म्हणजे मी एकदा वर्गात म्हणाले होते, "तुला रात्रभर काय काम असतं रे?" मला आठवतही नव्हतं. त्याला आठवत होतं. मी वडिलांसमोर त्याला सॉरी म्हणाले. वडील म्हणाले तक्रार मागे घेतो, आणि तसं लिहून दिलं.

आईसाहेब

सॉरी म्हणालात हे फार मोठं केलंत. आणि ग्रुपवर फोटो टाकणारे म्हणून मी जे गृहस्थ डोळ्यांसमोर आणले होते ते हे नव्हते.

खडूफळा

ते वाक्य मी असतो तर घातलं नसतं. पण घातलंत ते बहुधा बरोबर होतं. मागे घेतल्याच्या पत्राची प्रत आणि प्रकरण नस्तीबद्ध केल्याचं मुख्याध्यापकांचं पत्र, दोन्ही घ्या. दुसरं मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि दोन वर्षांनी कुणीतरी फाइल उघडतं तेव्हा आत फक्त तक्रार असते.

बीजगणित

पहिलं मिळालं. दुसरं मागितलं तेव्हा मुख्याध्यापकांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "बाई, प्रकरण मिटलं, छान झालं. आता त्याचे अंतर्गत गुण १७ करून टाका, म्हणजे परत कुणी बोलायला नको. आणि नोंदवहीत ते तीन गृहपाठ आल्याचं दाखवा, नाहीतर तपासणीत जुळणार नाही."

म्हणजे ज्या नोंदवहीने मला वाचवलं तीच आता परत लिहायची. तिची झेरॉक्स शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे गेलेली आहे, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मी सुचवलं की मुलाला पंधरा दिवस देते, तीन गृहपाठ शाळेतच मधल्या सुट्टीत करून घेते, आणि आजच्या तारखेने नोंदवून जे पडतील ते गुण द्वितीय सत्रात धरते. ते म्हणाले, "मग ४४ जण उद्या तेच मागतील."

खडूफळा

जुन्या पानाला हात लावू नका. गुण बदलायचे तर तसा लेखी आदेश द्या म्हणावं, तारखेसह. बहुतेक वेळा तो येत नाही.

टिंबटिंब

आणि आला तर?

बीजगणित

आज दुपारी विचारलं. म्हणाले, "लेखी कशाला, आपण घरचीच माणसं." नोंदवही घरी आणलीय, पिशवीतच आहे. पोराने मात्र पहिला गृहपाठ मधल्या सुट्टीत केला. दोन गणितं चुकली, पण त्याची स्वतःची चुकली.